नडगी दुखते, पण डॉक्टरांच्या टेबलावर नाही

संध्याकाळी आपल्या ग्राउंडवर जे पळतात, त्यांत पोलीस भरतीची तयारी करणारे बरेच. डिग्री हातात आणि भरती डोक्यात, हे नांदेड-लातूरकडं काही नवीन नाही. यातल्या कुणाची नडगी दुखली की सिनियर लोक एकच औषध सांगतात, "लेका, सहन कर, सवय होईल." मित्रहो, माझं स्पष्ट मत आहे की निदान एका दुखण्यात हा सल्ला साफ चुकीचा आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेवढं सांभाळून घ्या.)

माझा रूम पार्टनर उदगीरकडचा. पहिले दोन किलोमीटर त्याला काहीही होत नाही. दहाव्या मिनिटाच्या आसपास नडगीच्या हाडाबाहेरचा स्नायू आवळायला लागतो. बाराव्या मिनिटाला पाऊल नीट उचलत नाही, जमिनीवर चपकन आपटतं, आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात मुंग्या येतात. थांबला की पंधरा-वीस मिनिटांत सगळं गायब. मेसच्या जिन्यावर हाच मुलगा दोन-दोन पायऱ्या चढतो, म्हणून पोरं म्हणतात, नाटक करतो. भरतीतले १६०० मीटर तो रेटून नेतो. घात होतो तो रोजच्या लांब सरावात. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, नॉर्मल आला, आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या.

या लक्षणांचं एक नाव आहे, एक्झर्शनल कंपार्टमेंट सिंड्रोम. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत बसवलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याभोवती फेशिया नावाचं चिवट पांढरं आवरण असतं. पळताना स्नायूत रक्त भरतं आणि त्याचं आकारमान सुमारे वीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. आवरण मात्र फारसं ताणत नाही. बंद भांड्यात व्हॉल्यूम वाढवलं की काय होतं, हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. आतला दाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, स्नायू ठणकतो आणि त्याच कप्प्यातून जाणारी नस दबली की मुंग्या येतात. थांबलं की दाब उतरतो. म्हणूनच टेबलावर आडव्या झोपलेल्या माणसाच्या पायात काहीच सापडत नाही!

मग खात्री कशी करायची? कप्प्यात सुई घालून दाब मोजतात, पळण्याआधी आणि पळाल्यावर. १९९० पासून वापरात असलेले आकडे असे: विश्रांतीत १५ मिलिमीटर पारा, थांबल्यावर एका मिनिटाने ३० किंवा पाच मिनिटांनी २०. यातला एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तर संशय पक्का धरतात. पण काही निरोगी लोकांचेही आकडे तिथपर्यंत जातात, म्हणून दुखण्याची हकिकत जुळावीच लागते. आणि ती हकिकत लिहायला साधं घड्याळ पुरतं: कितव्या मिनिटाला सुरू झालं, कुठं दुखलं, थांबल्यावर किती वेळात गेलं.

नडगीचं प्रत्येक दुखणं हेच नसतं. हाडाच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर पट्टा दाबल्यावर दुखत असेल, आणि दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल, तर ते नेहमीचं शिन स्प्लिंट. बोटाएवढ्या एकाच जागी हाड दुखतं आणि रात्रीही सोडत नाही, तर हाडाला बारीक चीर असू शकते, पळणं तिथंच थांबवा. आणि थांबूनही दुखणं वाढतच गेलं, पाय दगडासारखा टणक झाला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सी गाठायची. तिथं प्रश्न काही तासांचा असतो, नंतर स्नायू मरतो.

उपचाराबद्दल खोटी आशा नको. गोळ्यांनी आवरण सैल होत नाही. सराव कमी केला की त्रास कमी होतो, पण वाढवला की परत येतो. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत १० रुग्णांना सहा आठवडे टाचेऐवजी चवड्यावर उतरून पळायला शिकवलं. २०१२ साली छापलेल्या त्या अभ्यासात त्यांचा दाब उतरला आणि ऑपरेशन टळलं. दहाच माणसं, हे लक्षात ठेवा; शिवाय ही पद्धत पुढच्या कप्प्यासाठी, आणि पोटरीवर भार वाढतो म्हणून हळूहळू करायची. नाही जमलं तर आवरणाला चीर देऊन जागा करतात. पुढच्या कप्प्यात त्याचा गुण चांगला येतो, मागच्या खोल कप्प्यात तेवढा नाही.

आपल्या स्पोर्ट्स रूममध्ये बँडेज आणि स्प्रे आहे. माझं म्हणणं, तिथं एक वहीही ठेवा. पार्टनरने चार संध्याकाळच्या नोंदी एका कागदावर लिहून लातूरला एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी कागद वाचला, त्याला दवाखान्यामागच्या रस्त्यावर बारा मिनिटं पळवलं, आणि धापा टाकत आल्या-आल्या टेबलावर झोपवून नडगी दाबली. टणक लागत होती. एक्स-रे त्यांनी पाकिटातून काढलाच नाही.