गोल लाटांची चौकोनी लाट

समजा मोहन्यात संध्याकाळी वीज गेली आणि घरातला इन्व्हर्टर सुरू झाला. पंखा फिरतच राहतो, पण स्वस्तातला इन्व्हर्टर असेल तर तो 'घूंऽऽ' असा आवाज करू लागतो. मघाशी गप्प असलेल्या पंख्याला आता काय झालं?

तारेतून येणारी वीज सेकंदाला 50 वेळा गुळगुळीत वरखाली होते. हा साईन तरंग. स्वस्तातला इन्व्हर्टर मात्र वीज झटकन वर नेतो, तिथंच धरतो आणि झटकन खाली आणतो. ही झाली चौकोनी लाट. गंमत म्हणजे तिच्या पोटात गोल लाटाच असतात! इंजिनिअरिंगला गेलेले ताई-दादा फूरिए सिरीज शिकतात, ती हीच.

आलेखाचा कागद घ्या. 0 ते 180 अंशांत एक साईन तरंग काढा. 30 अंशांवर त्याची उंची 0.5 आणि 90 वर 1. आपल्याला हवं सपाट छप्पर, म्हणजे दोन्हीकडे सारखी उंची. इथं तर निम्म्याचा फरक!

आता तिप्पट वेगाचा, पण एक तृतीयांश उंचीचा तरंग त्यात मिळवा. 30 अंशांवर तो 0.333 ची भर घालतो आणि 90 वर तेवढीच घट करतो. उंची झाल्या 0.833 आणि 0.667. खांदे वर आले, डोकं खाली बसलं. मग पाचपट वेगाचा, एक पंचमांश उंचीचा तरंग मिळवा: 0.933 आणि 0.867. फरक उरला जेमतेम 0.067. पुढे सातपट, नऊपट असं करत गेलात की छप्पर 0.785 च्या आसपास स्थिरावतं. ही संख्या म्हणजे पायचा चौथा भाग. (1 − 1/3 + 1/5 − 1/7... ही बेरीज पायच्या चौथ्या भागाइतकी होते, हे केरळच्या माधवाच्या परंपरेतल्या गणितींना फूरिएच्या कितीतरी आधी ठाऊक होतं!)

दुप्पट वेगाचा तरंग का नको? तो छपराची डावी बाजू उचलतो आणि उजवी दाबतो. छप्पर कलतं. म्हणून सम पटींना इथं प्रवेश नाही.

आता पंख्याकडे या. इन्व्हर्टरच्या लाटेत 50 हर्ट्झबरोबर 150 आणि 250 हर्ट्झचेही तरंग आहेत. पंख्याची मोटर 50 साठी बनवलेली. बाकीचे तरंग तिला नीट फिरवत नाहीत, नुसती थरथरवतात आणि तापवतात. ती घूं त्यांचीच.

एक खोडी मात्र राहतेच. कितीही तरंग मिळवा, भिंतीच्या कडेला एक शिंग उरतं. ते बारीक होत भिंतीला चिकटतं, पण भिंतीच्या उंचीच्या साधारण 9 टक्क्यांहून बुटकं होत नाही. 1898 मध्ये मायकेल्सनने 80 तरंगांची बेरीज करणारं यंत्र बनवलं होतं. या शिंगाचं कारण गिब्जने 1899 मध्ये सांगितलं आणि नावही त्याचंच पडलं. खरं तर विल्ब्रॅहमने ते 1848 मध्येच शोधलं होतं, पण तोवर सगळे विसरले होते.