पस्तीस मिनिटांची कटती

लिहिलेलं पत्र उशीखाली ठेवून झोपायचं आणि सकाळी वाचून मगच पाठवायचं, ही माझी सवय या सदराच्या वाचकांना पाठ झाली असेल. घरात तर झालीच आहे. अंथरूण आवरताना कागद निघाला की बायको विचारते, "आज कोणावर?" या आठवड्यात राग माझा नव्हता, भाच्याचा होता. उशी मात्र माझी वापरली गेली.

भाचा वडश्याला नाटक कंपनी चालवतो. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या पट्ट्यात दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं होतात. बऱ्याच कंपन्यांची कार्यालयं वडश्यात आहेत. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेतं, तिकिटं स्वतः विकतं आणि नफातोटा पदरी घेतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना आम्ही आहोत हे कळलं. असो, तो राग पुन्हा कधीतरी.

तर भाचा सकाळच्या गाडीनं अर्जुनीला उतरला, घरी आला आणि चहा होण्याआधीच त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. एका गावच्या मंडळाचा निरोप होता. प्रयोग 80 हजारांना ठरला होता, त्यातले 30 हजार आधी आले होते. उरलेले 50 हजार आठवड्यानं द्यायचे. ओळखीच्या गावांशी भाच्याची ही पद्धत आहे. निरोपात लिहिलं होतं, "दुसऱ्या अंकात साउंड बंद पडला, गावात आमची नाचक्की झाली, म्हणून 20 हजार कमी देऊ. बाकी नाटक एकदम झकास झालं."

भाच्याला झोंबलं ते शेवटचं वाक्य. "मामाजी, झकास झालं म्हनते अन् पाव हिस्सा कापते! काऊन?"

उत्तर त्यानं गाडीतच लिहून ठेवलं होतं. त्यात तुमची वायर, तुमचं जनरेटर, तुमचा अध्यक्ष आणि शेवटी तुमच्या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही, असा चढता क्रम होता. नाटकाचा संवाद म्हणून मला तो आवडला. पत्र म्हणून तो फाडावा लागला.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, की साउंड गेला तेव्हा दिवे गेले होते का? तो म्हणाला, गेले नाहीत, पण मंद झाले होते. म्हणजे वीज आली नाही असं नाही, दाब पडला होता. करारानुसार मंडप, तिकिटं आणि वीज मंडळाकडे, साउंड कंपनीकडे. मंडळानं चहाची शेगडी, पाळणेवाला आणि स्टेज हे सगळं एकाच वायरवर टाकलं होतं. दाब उतरला आणि मिक्सर बंद पडला. मग दुसरा प्रश्न. स्टॅबिलायझर कुठं होता? भाचा खिडकीबाहेर बघू लागला. तो आदल्या गावाहून निघताना ट्रकमध्ये चढलाच नव्हता. म्हणजे वायर त्यांची, पण दाब पडणार हे माहीत असून बंदोबस्त न करणारे आपण. "तुमची वायर" हे वाक्य खरं असूनही पत्रात येऊ नये, याचं कारण एवढंच, की समोरून एकच प्रश्न येईल, स्टॅबिलायझरचा, आणि पुढं आपल्याला बोलायला जागा उरणार नाही.

तिसरा प्रश्न गेलं काय, हा. प्रयोग साडेदहाला सुरू झाला आणि चारला संपला. साउंड 35 मिनिटं बंद होता. लोक उठून गेले नाहीत, शेकोट्यांपाशी जाऊन आले. नाटक जिथं थांबलं तिथून पुढं पूर्ण झालं. फक्त उशीर झाला म्हणून दोन गाणी गाळली. साडेपाच तासांत 35 मिनिटं म्हणजे दहावा हिस्सा आणि थोडं वर. भाचा लगेच म्हणाला, मग साडेआठ हजार सोडतो. मी म्हटलं, थांब. घड्याळानं मोजलं तर नटांचे, पडद्यांचे, डिझेलचे पैसेही तू परत देतोस, आणि त्यांनी तर काही बिघडवलं नाही. जे बिघडलं त्याचीच किंमत काढ. साउंडचं रात्रीचं भाडं किती? तो म्हणाला, 6 हजार. मग जास्तीत जास्त तेवढं, त्यावर नाही. सगळं भाडं सोडलंस तरी मिक्सर चार तास 55 मिनिटं नीट चालला होता, म्हणजे तू हात आखडला असं कोणी म्हणणार नाही.

चौथा प्रश्न विचारायचा, पण पत्रात लिहायचा नाही. तक्रार कधी आली? त्या रात्री अध्यक्षांनी स्टेजवर नारळ देऊन सत्कार केला होता. तक्रार आली पैसे देण्याच्या आदल्या दिवशी. भाच्याला कारण ठाऊक होतं. त्याच रात्री सहा किलोमीटरवरच्या गावात दुसऱ्या कंपनीचं नाटक होतं, आणि मंडळाचा गल्ला भरला नव्हता. म्हणजे मागणी सूट म्हणून आली असली तरी अडचण हातात पैसा नसण्याची होती. हे तोंडावर म्हटलं तर अपमान होतो, आणि सिद्धही करता येत नाही. पण त्यावर इलाज आहे. दर कमी करायचा नाही, मुदत वाढवून द्यायची.

भाच्याच्या डोक्यात आणखी एक युक्ती होती. पुढच्या वर्षी 20 टक्के सूट देतो, म्हणजे आज खिशातून काही जात नाही. ही युक्ती सगळ्यात महाग. आपल्याकडे कोणत्या गावानं नाटक कितीला घेतलं हे दुसऱ्या दिवशीच्या बाजारात कळतं. सूट दिली की तोच दर होतो, आणि मग साउंड न बिघडलेली गावंही तोच मागतात. म्हणून पत्रात "सूट" हा शब्द येऊ द्यायचा नाही, "भरपाई" लिहायचं. सूट किमतीवर असते, भरपाई बिघाडाची असते, आणि बिघाड मोजता येतो. 1872 च्या करार कायद्याचं 73 वं कलमही हेच सांगतं, की करार मोडल्यामुळे सरळ जे नुकसान झालं ते द्यायचं, दूरच्या नुकसानाचं नाही. गावात नाचक्की झाली याचा भाव कुठल्याच कलमात नाही.

इथं मला त्या अध्यक्षांची आठवण झाली आणि हसू आलं. गृहस्थ धानाचे शेतकरी. महिन्याभरापूर्वी एका खरेदी केंद्रावर ते तावातावानं भांडताना मीच पाहिले होते. 40 किलोच्या कट्ट्यामागं वजन जास्त घेतात, म्हणून. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 17 टक्के आहे. यंत्र लावा, 17 च्या आत असेल तर पूर्ण वजन धरा, वर असेल तर वाळवून आणायला सांगा. पण माणूस पोत्यात हात घालतो, एक दाणा दाताखाली धरतो, तोंड वाकडं करतो आणि सगळ्या गाडीवर कटती लावतो. खाजगी व्यापारी तर तोंड वाकडं करण्याचेही कष्ट घेत नाही. एका मुठीवरून चाळीस पोत्यांचा निकाल! शेतकऱ्याला कटतीचा राग नसतो जी, ओला धान ओलाच आहे हे त्याला कळतं. राग येतो तो न मोजता कापण्याचा. माझे वडील खिशात दोन दाणे ठेवून बाजारात जायचे आणि व्यापाऱ्यानं तोंड वाकडं केलं की ते दोन दाणे स्वतः चावून दाखवायचे. भाव त्यानं वाढत नसे, पण वडिलांची त्या दिवशीची भाकर गोड व्हायची. आणि तेच अध्यक्ष इथं एका मुठीवरून अख्ख्या रात्रीला पाव हिस्सा कटती लावत होते.

हे सगळं मी पत्रात फार सुंदर लिहिलं. मग पत्र उशीखाली ठेवलं. सकाळी तो धानाचा परिच्छेद खोडला. वाचणाऱ्याला तो टोमणाच लागला असता, आणि पत्र पैशांसाठी लिहायचं होतं. उरलं ते असं:

"अध्यक्ष महोदय, सप्रेम नमस्कार. प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकात साउंड 35 मिनिटं बंद राहिला आणि दोन गाणी होऊ शकली नाहीत. विजेचा दाब कमी झाल्यावर मिक्सर बंद पडला. अशा वेळी लागणारा स्टॅबिलायझर आमच्याकडून त्या दिवशी आला नव्हता. ही चूक आमची आहे, आणि आपल्याला प्रेक्षकांसमोर खोळंबावं लागलं याचं वाईट वाटतं. साउंडचं त्या रात्रीचं पूर्ण भाडं, 6 हजार रुपये, आम्ही भरपाई म्हणून कमी करत आहोत. बाकी प्रयोग ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला, म्हणून त्याची रक्कम कायम राहील. बिघाडामुळे आपण कोणाला तिकिटाचे पैसे परत दिले असतील तर तेवढा हिशेब दाखवावा, तो आम्ही वेगळा देऊ. उरलेले 44 हजार एकदम देणं जड जात असेल तर निम्मे या आठवड्यात आणि निम्मे होळीपर्यंत द्यावेत."

भाचा म्हणाला, चूक आमची आहे हे लिहायलाच पाहिजे का? मी म्हटलं, ते काढलंस तर 6 हजार कशाचे हे सांगता येणार नाही, आणि कारण नसलेला पैसा दिला की समोरच्याला वाटतं, अजून निघेल. तिकिटाच्या वाक्यावरही तो अडला. खोटा हिशेब आणला तर? पण तिकिटं परत केली असती तर पहिल्याच निरोपात आकडा आला असता. 20 हजार हा गोल आकडा आहे, आणि नुकसान बहुधा गोल येत नाही.

पत्र मोबाइलवर न पाठवता भाचा स्वतः घेऊन गेला. बुधवारी परतला तेव्हा 22 हजार हातात होते. बाकीचे होळीला, आणि तिकिटाचा हिशेब काही निघाला नाही. मी विचारलं, अध्यक्ष काही बोलले?

"बोलले जी. पैशाचं बरोबर आहे म्हनले, वाचून दोनदा मान हलवली. मग बायका आतून बाहेर आल्या. म्हनाल्या, पैसे कापा नाहीतर नका कापू, ते दोन गाने कवा होनार? आमी पहाटपर्यंत त्याच्यासाठीच बसलो होतो."

चार प्रश्न मी विचारले होते. गाळलेली गाणी कोणाला हवी होती, हा त्यात नव्हता.

भाच्यानं डायरी काढली. कंपनीचा प्रयोग त्याच बाजूला शेजारच्या गावात कधी आहे ते बोट फिरवत शोधू लागला. गायिकेला एक रात्र आधी नेता येईल का, तबला कोण धरेल, आणि स्टॅबिलायझर कोणाच्या गाडीत टाकायचा. बायको म्हणाली, आधी तो स्टॅबिलायझर याच्याच उशीखाली ठेवा.