चार चुका, पण चारही वेगळ्या

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या ग्रीसमध्ये शिकते. तिनं तिथल्या भाषावर्गाच्या कार्यालयाला ग्रीकमध्ये एक छोटा निरोप लिहिला. उत्तरात चार ठिकाणी लाल गोल आले आणि सोबत एकच शेरा: ‘आघातचिन्हांकडे लक्ष द्या.’ मीही काही वर्षं ग्रीक शिकतो आहे, म्हणून तिनं तो निरोप मला पाठवला. निरोप असा होता:

```
Ξέχασα το όνομα του άνθρωπου.
Ποτέ αρχίζουν τα μάθηματα;
Το όνομα μου είναι στη λίστα;
```

तिला विचारायचं होतं: मी त्या माणसाचं नाव विसरले. वर्ग कधी सुरू होतात? माझं नाव यादीत आहे का?

आजच्या ग्रीकमध्ये दोन किंवा जास्त अक्षरांच्या शब्दात, ज्या अक्षरावर जोर द्यायचा त्याच्या स्वरावर एक छोटी तिरकी रेघ देतात. तिला ‘तोनोस’ म्हणतात. पूर्वी अशी बरीच चिन्हं होती. 1982 साली ग्रीसनं ती कमी करून ही एकच रेघ ठेवली. म्हणजे ही रेघ शोभेची नाही, जोर कुठे द्यायचा ते ती सांगते.

आता ‘लक्ष द्या’ हा शेरा इथे कितपत उपयोगी आहे ते पाहू.

दुसऱ्या ओळीतला पहिला शब्द घ्या. ‘पोते’ या शब्दात जोर ‘पो’वर दिला तर अर्थ ‘केव्हा’, ‘ते’वर दिला तर ‘कधीच नाही’. रेघ सरकली आणि शब्दच बदलला. ही चूक खरोखर लक्ष न दिल्याची. शेरा इथे लागू पडतो, पण फक्त इथेच.

त्याच ओळीतला शेवटचा शब्द पाहा. ‘माथिमा’ म्हणजे धडा. जोर पहिल्या ‘मा’वर. अनेकवचन ‘माथिमाता’. मुलीनं शब्दकोशातली रेघ इमानदारीनं तिथेच ठेवली. पण ग्रीकचा पक्का नियम असा, की जोर शेवटच्या तीन अक्षरांच्या मागे जाऊ शकत नाही. शब्द एका अक्षरानं वाढला, म्हणून जोर पुढे ‘थि’वर आला. ही चूक बोटांवर मोजून स्वतःला सापडते.

तिसऱ्या ओळीत तोच नियम जरा लपून बसला आहे. ‘ओनोमा मु’ म्हणजे माझं नाव. ‘मु’ लिहायला सुटा, पण उच्चारात मागच्या शब्दाला चिकटतो. दोन्ही मिळून चार अक्षरं होतात आणि पहिल्या ‘ओ’वरचा जोर चौथा पडतो. तो तर राहतोच, शिवाय ‘मा’वर दुसरा जोर येतो. म्हणून एका शब्दावर दोन रेघा!

पहिल्या ओळीतली चूक मात्र मोजून सापडणारी नाही. ‘आन्थ्रोपोस’ म्हणजे माणूस, जोर ‘आन्’वर. ‘माणसाचं’ म्हणताना ‘आन्थ्रोपु’ होतं. अक्षरं तीनच, तरी जोर ‘थ्रो’वर सरकतो. गंमत म्हणजे ‘माणसं’ अर्थाच्या ‘आन्थ्रोपी’मध्ये तो ‘आन्’वरच राहतो. कारण जुनं आहे. प्राचीन ग्रीकमध्ये शेवटचा स्वर दीर्घ असेल तर जोर मागून तिसऱ्या अक्षरावर राहत नसे. ‘पु’मधला स्वर दीर्घ होता, ‘पी’मधला या कामापुरता ऱ्हस्व धरत. आज हा ऱ्हस्व-दीर्घ भेद कानाला ऐकूच येत नाही, सवय तेवढी उरली.

हे वाचून आपला वर्ग आठवला की नाही? ‘फूल’ पाठ केलेलं मूल ‘फूलाला’ लिहितं, कारण ‘फुलाला’ होताना ऊकार ऱ्हस्व होतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते मूल निष्काळजी नाही. शिकवलेलं रूप त्यानं नेमकं जपलं, हीच त्याची चूक!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चारही ठिकाणी सारखाच लाल गोल काढणं म्हणजे अर्धंच तपासणं. ‘पोते’पाशी ‘अर्थ बदलला’ असं लिहावं. ‘माथिमाता’ आणि ‘ओनोमा मु’पाशी ‘मागून मोजा’ असं लिहावं, मग मूल स्वतः दुरुस्त करेल. ‘आन्थ्रोपु’पाशी मात्र योग्य रूप आपणच द्यावं आणि असा शब्द पहिल्या दिवसापासून जोडीनं पाठ करून घ्यावा: ‘माणूस, माणसाचा’.

कुणी म्हणेल, सरळ नियमच का देऊ नये? कारण तो सगळीकडे चालत नाही. ‘खोमातोद्रोमोस’, म्हणजे मातीचा रस्ता, अशा बोलीतल्या जोडशब्दांत षष्ठीतही जोर जागचा हलत नाही. आपल्याकडेही ‘फुलाला’ खरं, पण तत्सम ‘गीत’चं ‘गीताला’च राहतं.

त्या मुलीला मी एवढंच लिहिलं, ‘अगं, चारातली एकच चूक घाईची. बाकी तीन तू शब्दकोश नीट पाहिलास म्हणून झाल्या.’