स्पेक्युलम घालण्याआधी एकदा बाहेर पाहा

मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन यांस,

आपल्या आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. नर्सताई स्पेक्युलम घालतात, अ‍ॅसिटिक आम्ल लावतात, निष्कर्ष लिहितात. ज्या त्वचेवरून ते उपकरण आत जातं, तिच्याकडे पाहण्यासाठी मात्र फॉर्मवर रकाना असेलच असं नाही. लायकेन स्क्लेरोसस हा आजार नेमका तिथेच असतो.

समजा, पाळी बंद झालेली अठ्ठावन्न वर्षांची बाई आली. खाज रात्री वाढते, झोप मोडते, लघवी करताना चिरांवर आग होते. तिला बुरशीची क्रीम मिळते. आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. अंगावरून पांढरं जातं का, हे कुणी विचारतच नाही. पाहिलं असतं, तर योनीमुखाभोवती आणि गुदद्वारापर्यंत पांढरी, सुरकुतलेली, कागदासारखी पातळ त्वचा दिसली असती. कुठे रक्ताचे बारीक डागही. हे कोड नव्हे: कोडात त्वचेचा पोत बदलत नाही आणि सहसा खाजही नसते. इथे दोन्ही असतं.

हा आजार संसर्गाचा नाही, अस्वच्छतेचाही नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेवर उलटते असं मानलं जातं; अशा बायकांत थायरॉइडचे विकार अधिक आढळतात. पाळी सुरू होण्याआधीच्या मुलींनाही तो होतो. उपचार लांबले की आतले ओठ विरत जातात, योनीचं तोंड आकसतं, संबंध दुखरे होतात. एकदा झालेले हे बदल मलमाने पूर्ववत होत नाहीत.

औषध साधं आहे: क्लोबेटासॉल ०.०५ टक्के मलम. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं, महिनाभर रोज रात्री. दुसऱ्या महिन्यात एक रात्र सोडून. तिसऱ्यात आठवड्यातून दोनदा. तीस ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते. माहितीपत्रकावरचा स्टेरॉइडचा इशारा वाचून अनेकजणी मध्येच थांबतात, म्हणून मात्रा समजावून द्यावी लागते. खाज थांबली तरी देखभाल चालू ठेवायची असते.

ही देखभाल का, हे सिडनीतल्या ५०७ बायकांच्या पाठपुराव्याने २०१५ मध्ये दाखवलं. सांगितल्याप्रमाणे मलम लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही योनीमुखाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाली नाही. अर्धवट लावणाऱ्या १५० पैकी ७ जणींना झाली. व्रण वाढत जाण्याचं प्रमाण पहिल्या गटात ३.४ टक्के, दुसऱ्यात ४०.

म्हणून विभागाकडे तीन मागण्या आहेत. तपासणीच्या फॉर्मवर ‘बाहेरची त्वचा पाहिली’ असा रकाना हवा. खाज दोनदा उपचार करूनही परतली, तर तिसरी क्रीम न देता त्वचारोग किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवण्याचा लेखी नियम हवा. जाड गाठ किंवा न भरणारी जखम दिसली, तर बायोप्सीसाठी लगेच. आणि क्लोबेटासॉलचं मलम तालुक्याच्या रुग्णालयात कायम उपलब्ध हवं.