कोर्स संपल्यानंतर येणारी कावीळ

औषधांच्या दुकानात नुसत्या ‘६२५’ या आकड्याने मागितली जाणारी गोळी बहुतेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. घसा दुखला, दाढ सुजली, सायनस भरले, की ती घरात येते. हा आकडा ही खरे तर दोन औषधांची बेरीज आहे : ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड. पहिले औषध जंतू मारते. काही जंतू मात्र अमॉक्सिसिलिन मोडून टाकणारे एक विकर तयार करतात. त्या विकराला निकामी करणे, एवढेच दुसऱ्याचे काम. पण या गोळीबद्दलच्या दोन मुख्य तक्रारी, म्हणजे जुलाब आणि यकृताला होणारी इजा, बऱ्याच अंशी या दुसऱ्या भागाकडेच बोट दाखवितात.

जुलाबांचे आधी पाहू. क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडमुळे आतड्यांची हालचाल वाढते. शिवाय आतड्यांतील उपकारक जंतूही मारले जातात. त्यामुळे कोर्सच्या पहिल्या काही दिवसांतच शौच पातळ होऊ लागते, लहान मुलांमध्ये तर विशेषच. गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या घासांबरोबर घेतली तर हा त्रास कमी होतो. येथे एक चूक वारंवार घडते. ६२५ ची गोळी मिळाली नाही, म्हणून ३७५ च्या दोन गोळ्या एकदम घेतल्या जातात. ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५० मिलिग्रॅम असले, तरी क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड तेवढेच, म्हणजे १२५ मिलिग्रॅम असते. दोन गोळ्यांत ते दुप्पट होते आणि पोट बिघडण्याची शक्यताही वाढते.

दिवसातून तीनचार वेळा पातळ शौच होत असेल, ताप नसेल, खाणेपिणे चालू असेल, तर ओआरएस आणि हलका आहार बहुधा पुरेसा ठरतो; औषध सुरू ठेवावे की नाही, हे डॉक्टरांना फोनवरूनही विचारता येते. मात्र पाण्यासारखे जुलाब थांबत नसतील, पोटात कळा येत असतील, ताप किंवा शौचात रक्त असेल, तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचा संसर्ग झाला आहे का, हे पाहावे लागते. हा संसर्ग कोर्स संपून काही आठवडे लोटल्यावरही होऊ शकतो. वय ६५ च्या पुढे असणारे आणि नुकतेच रुग्णालयात राहून आलेले यांना त्याचा धोका अधिक. अशा वेळी जुलाब बंद करणारी गोळी स्वतःहून घेऊ नये.

यकृताची इजा याहून पुष्कळ विरळ आहे. काही हजार रुग्णांत एखाद्याला ती होते. तथापि ही गोळी जगभर इतक्या मोठ्या प्रमाणावर दिली जाते, की युरोप-अमेरिकेतील नोंदींमध्ये औषधांमुळे अनपेक्षितपणे होणाऱ्या यकृताच्या इजेत तिचे नाव अग्रभागी असते. आपल्याकडे ते स्थान क्षयरोगावरील औषधांचे आहे. त्यामुळे या गोळीचा संशय लवकर येत नाही. तो न येण्याचे दुसरे कारण म्हणजे काळाचे अंतर.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ६७ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक. दाढेच्या गळवासाठी त्यांनी दिवसातून तीन वेळा, दहा दिवस ६२५ घेतली. दाढ बरी झाली आणि रिकामी पाकिटे कचऱ्यात गेली. त्यानंतर अडीच आठवड्यांनी त्यांच्या अंगाला खाज सुटली. तळहात-तळपाय रात्री झोपू देईनात. लघवी काळ्या चहासारखी झाली, शौच फिकट झाले आणि चारपाच दिवसांनी डोळे पिवळे दिसू लागले. घरच्यांनी बाहेरच्या पाण्याला दोष दिला. कोणी कावीळ उतरविणाऱ्या झाडपाल्याचा पत्ता सुचविला.

रक्त तपासले, तेव्हा बिलिरुबिन ९.४ निघाले. यकृताच्या पेशी फुटल्याचे दर्शविणारे एएलटी १६० होते, म्हणजे सामान्य मर्यादेच्या चौपट. दूषित पाण्यातून होणाऱ्या हेपॅटायटिस ए किंवा ई मध्ये हाच आकडा पुष्कळदा हजाराच्या पुढे जातो. उलट, पित्ताचा प्रवाह तुंबल्याची खूण असलेले अल्कलाइन फॉस्फटेज ४१० होते, म्हणजे तिपटीहून जास्त. एएलटी त्या मानाने बेताचे आणि फॉस्फटेज बरेच वाढलेले, ही जोडी पित्त तुंबण्याकडे निर्देश करते. या वयात अशा वेळी प्रथम शंका येते ती पित्तनलिकेतील खड्याची किंवा गाठीची. सोनोग्राफीत नलिका मोकळी दिसली, हेपॅटायटिसच्या चाचण्याही नकारात्मक आल्या. तेव्हा डॉक्टरांनी विचारले : गेल्या दोन महिन्यांत कोणकोणती औषधे घेतलीत? कोर्स महिन्यापूर्वीच संपलेला, म्हणून दाढेचे औषध सांगण्याचे शिक्षकांच्या मनातही आले नव्हते.

या इजेची ओळख अशी उशिरानेच पटते. लक्षणे कोर्स चालू असताना दिसू शकतात. पण बऱ्याचदा ती औषध थांबल्यानंतर, अगदी सहा आठवड्यांपर्यंत प्रकट होतात. तिच्यावर उतारा म्हणावे असे औषध नाही. कोर्स चालू असल्यास तो बंद करणे, खाजेवर उपाय करणे आणि रक्ताच्या चाचण्या ठरावीक अंतराने पाहत राहणे, एवढेच हाती असते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ण बरे होतात. ग्लानी येणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे ही मात्र त्वरित रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. झाडपाल्याचा मोह या काळात टाळावा. काही वनस्पती स्वतःच यकृताला इजा करतात आणि मग दोष कोणाचा, हे ठरविणेही कठीण होते.

धोका कोणाला अधिक? वय साठीच्या आसपास किंवा पुढे असणाऱ्यांना, त्यातही पुरुषांना. लांबलेला किंवा पुन्हापुन्हा घेतलेला कोर्स झालेल्यांना. काही जणांच्या जनुकीय घडणीतही त्याचे मूळ सापडले आहे; परंतु गोळी देण्यापूर्वी ती तपासण्याची प्रथा नाही. लहान मुलांत ही इजा फारच क्वचित आढळते. पूर्वी याच गोळीने कावीळ झालेल्या व्यक्तीला मात्र ती पुन्हा देऊच नये.

पर्यायांचा विचार करताना पहिला प्रश्न असा, की जंतुनाशक हवेच आहे का? सर्दी, विषाणूमुळे बसलेला घसा, साधा खोकला यांत ते निरुपयोगी असते. दुसरा प्रश्न, गोळीतील तो दुसरा भाग हवा आहे का? घशाला त्रास देणारा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू अमॉक्सिसिलिन मोडणारे विकर तयारच करीत नाही. तेथे क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचा काहीही लाभ नाही. साधे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पुरते. दाढेच्या गळवात पू काढून देणे हाच मुख्य उपचार, आणि औषध लागलेच तर एकटे अमॉक्सिसिलिन पुष्कळदा पुरेसे असते. आपल्या शिक्षकांनाही कदाचित ते पुरले असते. त्वचेच्या साध्या संसर्गात सेफॅलेक्सिन आणि स्त्रियांच्या मूत्राशयाच्या साध्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन, असे पर्याय डॉक्टर निवडू शकतात.

कुत्र्या-मांजरांच्या चाव्यात मात्र हे मिश्रण खरोखर उपयोगी आहे. तेथे केवळ भीतीपोटी ते नाकारू नये. ज्यांना ते चालत नाही, त्यांना डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल यांची जोडी देता येते. सेफॅलेक्सिन येथे अपुरे पडते. मांजराच्या तोंडातील पाश्चुरेला हा जंतू त्याला नीट दाद देत नाही.

त्या शिक्षकांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता ठळक अक्षरांत लिहिलेले असायला हवे : ‘अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडमुळे कावीळ, पुन्हा देऊ नये.’ गोळीचे व्यापारी नाव लिहून भागत नाही. हेच मिश्रण आपल्याकडे अनेक नावांनी विकले जाते आणि दुसऱ्या गावचा दंतवैद्य वेगळ्याच नावाने तेच लिहून देऊ शकतो.