यंत्र म्हणतं 88 टक्के, पण पुरावा कुठाय?

विश्लेषण

विद्यार्थ्याने प्रकल्प स्वतः लिहिला की मशीनकडून लिहून घेतला, हा वाद आता शहरापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या कॉलेजातही एम.ए.चा प्रबंध, बी.एड.चा अहवाल मोबाइलवर तयार होतो अशी कुजबुज असतेच. काही ठिकाणी ती खरीही असते. पण संशय घेणं वेगळं आणि मुलाला नापास करणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये एक पायरी असते, तिचं नाव पुरावा. तो कुणी द्यायचा आणि किती द्यायचा, हा सगळा झगडा आहे.

आपल्या देशात हा प्रश्न कोर्टाच्या दारात नेला तो सोनिपतच्या जिंदाल ग्लोबल लॉ स्कूलमधल्या एका एलएलएमच्या विद्यार्थ्याने. 2024 च्या मे महिन्यात त्याने एका विषयाच्या परीक्षेची उत्तरं दिली. विद्यापीठाच्या गैरप्रकार समितीने ती टर्निटिन या सॉफ्टवेअरच्या आधारे 88 टक्के मशीनने लिहिलेली ठरवली आणि त्याला त्या विषयात नापास केलं. परीक्षा नियंत्रकांनीही तोच निर्णय कायम ठेवला. विद्यार्थी स्वतः वकील. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. उत्तरं माझी आहेत, मशीन वापरू नका असा स्पष्ट नियम विद्यापीठाने दिलेला नव्हता, आणि आरोप ज्याने केला त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. नोव्हेंबर 2024 मध्ये विद्यापीठाने त्याला पास केल्याचं कोर्टाला सांगितलं आणि याचिका तिथेच निकाली निघाली.

म्हणजे मुलगा सुटला, पण कायदा काही ठरला नाही. 88 टक्क्यांचा आकडा पुरावा म्हणून चालतो की नाही, यावर न्यायालयाला बोलायची वेळच आली नाही. त्यामुळे उद्या दुसऱ्या कॉलेजात असंच प्रकरण उभं राहिलं तर या निकालाकडे बोट दाखवून फार काही मिळणार नाही.

मग आधी त्या आकड्याचाच अर्थ बघू. इथे मोठा घोळ आहे. 88 टक्के म्हणजे "मुलाने मशीन वापरल्याची शक्यता 88 टक्के" असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मजकुराचा जेवढा भाग मशीनच्या लिखाणासारखा वाटला, तेवढा तो आकडा. चोरीच्या जुन्या तपासणीत निदान मूळ सापडायचं. कुठल्या पुस्तकातून, कुठल्या पानावरून उचललं ते शेजारी ठेवून दाखवता यायचं, वाचणाऱ्यालाही पटायचं. इथे मूळच नाही. मशीन दरवेळी नवीन वाक्य बनवते, म्हणून शेजारी ठेवायला काही नसतं. सॉफ्टवेअर फक्त एवढं बघतं की एका शब्दानंतर पुढचा शब्द किती अपेक्षेप्रमाणे आला. सरळ, ठरावीक, एकाच चालीची वाक्यं दिसली की त्याला संशय येतो.

दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर खाली बुडाला की पाणी घातल्याचा संशय येतो ना, तसलाच हा प्रकार. रीडिंग खोटं नसतं. पण दूध पातळ लागायला गाईचा चारा, तिची जात, वेत ही कारणंही असू शकतात. रीडिंग पाहून नुसतं "पाणी घातलं" म्हणता येत नाही, पुढची तपासणी करावी लागते.

आणि सरळ, ठरावीक वाक्यं कोण लिहितं? ज्याची इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा आहे तो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध अशा सात सॉफ्टवेअरमधून तपासले. सगळे माणसांनी लिहिलेले. तरी सरासरी 61 टक्के निबंध मशीनचे ठरवले गेले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. टर्निटिन त्या सातांत नव्हतं आणि सॉफ्टवेअर तेव्हापासून बदललीही आहेत, हे धरूनच चालायला हवं. पण चुकीची दिशा लक्षात घ्या. दहावीपर्यंत मराठीत शिकून पुढे इंग्रजीत प्रकल्प लिहिणारा पोरगा पाठ केलेली, जपून घेतलेली वाक्यं लिहितो. संशय त्याच्यावर आधी येण्याची भीती आहे.

कंपन्या म्हणतात चूक फार थोडी होते. टर्निटिनने सुरुवातीला एक टक्क्याहून कमी असा दावा केला होता. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब मांडला. त्यांच्याकडे 2022 मध्ये 75 हजार लेखन या सॉफ्टवेअरकडे गेलं होतं. त्याचा एक टक्का म्हणजे साडेसातशे. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी ही सोय बंदच केली.

आपल्या मापाचं उदाहरण धरू. एका कॉलेजात 300 प्रकल्प आले आणि त्यात समजा सहा जणांनीच मशीन वापरली. सॉफ्टवेअरने त्यातले पाच पकडले. राहिलेले 294 प्रामाणिक, त्यांचा एक टक्का म्हणजे तीन. यादीत आठ नावं आली, त्यातली तीन निर्दोष. आता चूक एक टक्क्याऐवजी पाच टक्के धरा. प्रामाणिकांतले साधारण 15 अडकतात, यादी 20 जणांची होते आणि चारातले तीन निर्दोष निघतात. सॉफ्टवेअर तेच, पकडलेले पाचही तेच. म्हणून यादीत नाव आलं एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. वर्गात मुळात किती जण लबाडी करतात आणि चुकीचं प्रमाण किती, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला वजन नाही. आणि या दोन्ही गोष्टी शिक्षकाला नक्की माहीत नसतात.

तर मग गैरप्रकार सिद्धच होऊ शकत नाही का? होतो. कुणी पाहिलं नाही म्हणून सुटका, असा कायदा नाही. उत्तर प्रदेश बोर्डाविरुद्ध बागलेश्वर प्रसाद हे सर्वोच्च न्यायालयातलं जुनं प्रकरण, 1962 च्या निकालाचं, आजही वाचण्यासारखं आहे. हिंदीच्या पेपरात त्याची आणि शेजारच्या नंबरच्या मुलाची चुकीची उत्तरं हुबेहूब सारखी होती. कॉपी करताना कुणी धरलं नव्हतं. उच्च न्यायालय म्हणालं पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. अशा प्रकरणात प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो, परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो, असं ते म्हणालं. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं, पण चूकही शब्दाला शब्द सारखी कशी येईल?

पण त्या प्रकरणात दोन गोष्टी होत्या, त्या विसरून चालणार नाही. एक, दोन्ही उत्तरपत्रिका टेबलावर होत्या, कुणीही ताडून बघू शकत होतं. दुसरी, मुलाला बोलावून विचारलं होतं. त्याच वर्षीच्या घनश्यामदास गुप्ता प्रकरणात बोर्डाने विद्यार्थ्यांना म्हणणं मांडायची संधी दिली नव्हती, तिथे सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचा निर्णय टिकू दिला नाही. मापही ठरलेलं आहे. कॉलेजच्या चौकशीला खुनाच्या खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे, एवढं दाखवलं तरी पुरतं. मात्र ते दाखवायचं कॉलेजने.

नुसता टक्का त्या मापाला पुरत नाही, कारण तो ताडून बघता येत नाही. ताडून बघता येण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या आहेत. प्रकल्पाच्या संदर्भयादीत जगात कधी छापलीच गेली नाहीत अशी पुस्तकं असतील, तर तो भक्कम धागा. मशीन अशी नावं सर्रास रचते. आणि इथे मशीन सिद्ध करत बसायचीही गरज नाही. खोटा संदर्भ देणं हाच स्वतंत्र दोष आहे, तो आरोप सरळ ठेवता येतो. दुसरा धागा म्हणजे फाइलचा इतिहास. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर मजकूर कोणत्या दिवशी किती वाढला ते दिसतं. वीस पानं एका क्षणात आली असतील तर प्रश्न विचारावाच लागेल. पण ज्याने वहीत लिहून नेट कॅफेवाल्याकडून टाइप करून घेतलं, त्याच्या फाइलमध्येही हाच प्रकार दिसणार. आपल्याकडे हे नेहमीचं आहे.

तिसरा धागा तोंडी परीक्षा. स्वतःच्या प्रकल्पातली मुख्य कल्पना दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर संशय वाढतो. इथेही सांभाळून. पाच प्राध्यापकांपुढे बसवून इंग्रजीत विचारलं तर लिहिणाऱ्याचीही बोबडी वळते. आधी कळवून, मराठीत बोलायची मुभा देऊन, कागद समोर ठेवून विचारलं तर उत्तराला अर्थ राहतो.

उलटा कारभार कसा होतो, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. ऑस्ट्रेलियन कॅथॉलिक युनिव्हर्सिटीत 2024 मध्ये सहा हजारांच्या आसपास तक्रारी नोंदल्या गेल्या, बहुतेक मशीनच्या वापराच्या. तिथल्या माध्यमांनी छापलं की विद्यार्थ्यांकडे हाताने लिहिलेली टिपणं आणि इंटरनेटवर काय काय पाहिलं त्याची यादी मागितली जात होती. चौकशी झालेल्या साधारण चौथा हिस्सा तक्रारी फेटाळल्या गेल्या. मार्च 2025 मध्ये विद्यापीठाने ते सॉफ्टवेअर वापरणं सोडलं. तोवर निर्दोष मुलांचे महिने गेले ते गेलेच.

कच्चं लिखाण मागणं चूक नाही. आधी कॉलेजने टक्क्यापलीकडचं काहीतरी मांडावं, मग विद्यार्थ्याने खुलासा द्यावा, हा क्रम. कच्चं नसणं म्हणजे गुन्हा कबूल, असं धरलं की ओझं गुपचूप मुलाच्या खांद्यावर जातं.

आपल्याकडे नियमांची स्थिती अशी आहे. यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम साम्याच्या टक्क्यांवर उभे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत माफ, पुढे 40 आणि 60 चे टप्पे, चौकशीसाठी विभाग आणि संस्था पातळीवरच्या समित्या, आणि नैसर्गिक न्यायाचं बंधन. ते टक्के दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाचे आहेत. मशीनच्या संशयाचा टक्का त्याच तक्त्यात बसवून शिक्षा करणं म्हणजे बिघ्याचं माप लिटरमध्ये वाचणं. अशी नोटीस हातात आली तर विद्यार्थ्याने लेखी मागाव्यात अशा तीन गोष्टी आहेत: कोणता नियम मोडला त्याचं कलम, सॉफ्टवेअरचा पूर्ण अहवाल, आणि टक्का सोडून दुसरा आधार काय आहे त्याची नोंद. बियाणं उगवलं नाही की पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवतात, तशी वही आणि फाइल निकाल लागेपर्यंत जपून ठेवावी, आणि टाइप करणाऱ्याकडून मूळ फाइलही मागून घ्यावी.