वास तुमच्या अंगाला नाही, टी-शर्टला आहे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक पेशंट येतो. वय विशी-बाविशीचे, पहाटे १६०० मीटरचा सराव करणारा, अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट. मागच्या महिन्यात असाच एक मुलगा पारनेरकडून आला. म्हणाला, "डॉक्टर, माझ्या अंगाला आंबूस वास येतो. रक्ताच्या सगळ्या तपासण्या करा." सरावाच्या मैदानावर पोरे चिडवत होती, म्हणून तो आठ दिवस धावायलाच गेला नव्हता. दिवसातून तीनदा जंतुनाशक साबणाने अंघोळ करून काखेची कातडी सोलवटली होती. कोणीतरी दिलेले मलमही तो लावत होता, आणि त्यात स्टेरॉइड होते.

मी रक्त तपासले नाही. त्याला सांगितले, "दोन दिवस धुतलेला सुती बनियन आणि सुती शर्ट घाल, त्यातच पळ, आणि परत ये. येताना तो टी-शर्ट धुऊन, वाळवून घेऊन ये." तो आला तेव्हा अंगाला ताज्या घामापलीकडे कसलाही वास नव्हता. टी-शर्टही कोरडा असताना ठीक वाटला. त्याच्या काखेच्या भागावर मी कोमट पाणी शिंपडले आणि मिनिटभरात खोलीत आंबूस वास पसरला. निदान झाले. आजारी मुलगा नव्हता, कापड होते.

ही चाचणी तुम्हीही घरी करू शकता. धुतलेला कपडा ओला केल्यावर किंवा इस्त्री फिरवल्यावर वास उठत असेल, तर तो कपडा धुतला गेलेलाच नाही.

इथे माझे भांडण सुरू होते. "अजून थोडी पावडर टाका," "सुगंधी लिक्विडमध्ये बुडवा," हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यांनी वास जात नाही, उलट मुक्कामाला राहतो. का, ते समजून घ्या.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातले आणि त्वचेच्या तेलातले घटक खातात आणि त्यातून वासाची आम्ले तयार होतात. सुती धागा पाणी शोषतो. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, पण तेल मात्र धरून ठेवतो. शेवटी तो प्लॅस्टिकचाच धागा आहे. लोणच्याचा प्लॅस्टिकचा डबा आठवा. कितीही घासा, तेलकटपणा आणि वास राहतोच. काचेच्या बरणीचे तसे होत नाही.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच दाखवले. २६ निरोगी लोकांना जोरदार सायकलिंगचा व्यायाम करायला लावला आणि त्यांचे टी-शर्ट दुसऱ्या दिवशी हुंगून तपासले. पॉलिस्टरचे कपडे सुती कपड्यांपेक्षा जास्त आणि अधिक नकोसे वासत होते. मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू पॉलिस्टरवर विशेष वाढलेले सापडले. माणसे निरोगी होती, फरक कापडाचा होता.

आता आपल्या धुण्याकडे या. बोअरच्या गार पाण्यात, मूठभर पावडर टाकून, दहा मिनिटे. गार पाण्यात त्वचेचे तेल घट्टच राहते, त्यामुळे ते धाग्यापासून सुटत नाही. आपल्या जिल्ह्यात अनेक गावांत बोअरचे पाणी क्षाराचे आहे. बादलीला, नळाला पांढरा थर चढतो, तो हाच क्षार. असे पाणी पावडरीची ताकद खाते. साबणाची वडी घासली तर क्षार आणि साबण मिळून चिकट साय बनते आणि ती कपड्यातच बसते. वरून जास्त पावडर टाकली की ती नीट खळबळून निघत नाही. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. आणि सुगंधी लिक्विड? त्याचे कामच कापडावर मऊ, तेलकट थर चढवण्याचे आहे. त्या थराखाली जुने तेल आणि जिवाणू सुखरूप राहतात. तुम्ही घाणीवर अत्तर शिंपडता आणि त्याचे पैसेही देता.

मग करायचे काय? त्या मुलाच्या आईला मी जे सांगितले, तेच सांगतो.

पळून आल्यावर टी-शर्ट पिशवीत कोंबू नका. लगेच साध्या पाण्यातून काढा किंवा निदान वाऱ्यावर टांगा. धुताना उलटा करा, कारण घाण आतल्या बाजूला असते.

दहा लिटर कोमट पाणी घ्या, अंघोळीला घेतो तेवढे, साधारण ४० अंश. त्यात दोन सपाट मोठे चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा. खाण्याचा सोडा नव्हे, तो यासाठी फार सौम्य आहे. कपडा तासभर भिजू द्या. सोडा पाण्यातला क्षार बाजूला काढतो, आणि वासाची आम्ले सोड्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या रूपात जातात. हातमोजे घाला आणि ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका. रंग जाईल अशी शंका असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून पाहा.

नंतर एन्झाइम असलेली पावडर पुड्यावर लिहिली आहे तेवढीच घेऊन कोमट पाण्यात धुवा. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. लिक्विड अजिबात नको. उलटा करूनच हवेशीर जागी लवकर वाळवा. बादलीत रात्रभर पिळून ठेवलेल्या कपड्यात जिवाणू पुन्हा वाढतात.

महिनोन् महिने मुरलेला वास असेल तर सोड्याऐवजी सोडियम परकार्बोनेटची, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचची पावडर तेवढ्याच कोमट पाण्यात, पुडीवरच्या प्रमाणात वापरा. साधे क्लोरीनचे ब्लीच मात्र नको. ते ताणल्या जाणाऱ्या धाग्याला आणि रंगाला खाते. ते व्हिनेगरमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. उकळत्या पाण्यातही टाकू नका, कपडा आकार सोडतो.

त्या मुलाच्या दोन टी-शर्टांचा वास दोन धुण्यांत गेला. तिसरा चार वर्षांचा होता, त्याचा शेवटपर्यंत गेला नाही. तो फरशी पुसायला गेला. जुन्या पॉलिस्टरचा वास कधी कधी जातच नाही, हे मान्य करा आणि पुढच्या पगारातून एक सुती बनियन घ्या.

आणि डॉक्टर म्हणून शेवटचे. धुतलेल्या सुती कपड्यातही वास येत असेल, जांघेत किंवा काखेत खाजरे गोल चट्टे असतील, रात्री कपडे भिजतील इतका घाम येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर कपडा सोडा आणि दवाखान्यात या. चट्ट्यांवर मित्राचे मलम लावू नका. स्टेरॉइडने नायटा आधी दबतो आणि मग पसरतो. बाकी वासाचे औषध केमिस्टकडे नाही, तुमच्या न्हाणीघरातल्या बादलीत आहे. तो मुलगा आता रोज मैदानावर धावतो आहे.